लेथ नोंद: चार टीपीआयच्या लीड स्क्रूवर सव्वा मिमीचे आटे

जालन्याकडे सध्या कपाशीच्या फवारणीची घाई आहे. आमच्या टू-स्ट्रोक फवारणी पंपाचं कॉम्प्रेशन मोजायला स्पार्क प्लगच्या जागी बसेल असा अडॅप्टर करायला घेतला. आटे एम१४, पिच १.२५ मिमी. लेथचा लीड स्क्रू मात्र इंची, चार टीपीआय, म्हणजे एका फेऱ्यात ६.३५ मिमी.

अचूक उत्तरासाठी १२७ दातांचा गिअर लागतो. २५.४ मध्ये १२७ दडलेला आहे आणि ती मूळ संख्या असल्यामुळे लहान गिअरांत फोडता येत नाही. दीड मॉड्यूलला त्याचा बाहेरचा व्यास १९३.५ मिमी भरतो. माझ्या कव्हरखाली तो मावतच नाही.

म्हणून २५.४ ऐवजी १६००/६३ धरलं. ६३ म्हणजे सात गुणिले नऊ, आणि सात ३५ च्या गिअरमध्ये, नऊ ४५ च्या गिअरमध्ये आहेतच! पाच-पाचच्या पटीतल्या साध्या सेटवर गणित असं जुळलं:

```
(35/80) × (45/100) × 6.35 = 1.25016
```

स्पिंडलकडे ३५, मधल्या स्टडवर ८० आणि ४५ एकत्र, लीड स्क्रूवर १००. स्पिंडलपासून पहिल्या गिअरपर्यंत एकास एक गती आहे हे गृहीत धरलंय. तुमच्याकडे वेगळी असेल तर तो गुणक आधी घाला. चूक ०.०१२५ टक्के. अडॅप्टरच्या साडेनऊ मिमी आट्यांत ती जेमतेम एक मायक्रॉन होते, म्हणजे इथे विचारात घेण्यासारखी नाहीच.

धातूला टूल लावण्याआधी स्पिंडल हाताने फिरवून बॅकलॅश काढला आणि कॅरेज वीस फेऱ्यांत किती सरकतं ते मोजलं. २५ मिमी यायला हवं आणि आलं. चालवणारा आणि चालणारा गिअर उलटसुलट लागला असता तर इथेच कळलं असतं. ८० आणि १०० ची आपापसात अदलाबदल झाली तर मात्र पिच बदलत नाही, कारण दोन्ही चालणारेच.

आटे पाडताना हाफ नट शेवटपर्यंत बंद ठेवला. इंची लीड स्क्रूवर मेट्रिक आटे पाडताना थ्रेड डायलचा उपयोग नाही. नट उघडला की टूल पुन्हा त्याच खाचेत येईल याची खात्री राहत नाही. प्रत्येक पासनंतर टूल बाहेर घ्यायचं, मग स्पिंडल उलटा फिरवून परत यायचं. माझा चक आट्यांवर बसणारा आहे, उलट्या झटक्याने तो सुटू शकतो, म्हणून ही परतीची फेरी मी हँडलनेच करतो. खोली ०.७७ मिमी झाली तेव्हा जुन्या सिलिंडर हेडमध्ये अडॅप्टर बोटांनी सरळ तळापर्यंत गेला.

८० च्या जागी ५० लावला की दोन मिमी, ४० लावला की अडीच मिमी पिच मिळते. एम१० चा दीड मिमी मात्र या सेटवर दोन जोड्यांत इतका नेमका बसत नाही. त्यासाठी ६३ दातांचा एक गिअर कापून घेणार आहे: ६३/८० आणि ३०/१००.