नावापुढचं ‘दाइरी’

दुपारचं जेवण अंगावर आलेलं असतं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर एक तिरका फोटो येऊन पडतो. जपानी व्हिजिटिंग कार्ड, त्यावर ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा, खाली एक ओळ : ‘जरा सांगा ना, हे कोण आहेत? आणि मेलची सुरुवात कशी करू?’ शेजारच्या डॉक्टरला जिन्यात गाठून जीभ दाखवावी, तसं पुण्यात जपानी भाषा येणाऱ्यांना लोक कार्डं दाखवतात.

पट्टा नेमका इमेलच्या ओळीवर असतो. का कोण जाणे, तिथेच असतो. म्हणून पहिलं उत्तर ठरलेलं : खिडकीजवळ न्या, उजेड बाजूनं येऊ द्या, फोन कार्डाच्या बरोबर वर धरा, चारही कोपरे दिसू द्या. आणि फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो वाटेत आकसतो. जपानी कार्ड साधारण 91 बाय 55 मिलिमीटरचं. त्यावरची बारीक अक्षरं आकसली की यंत्र 工 या कांजीला, म्हणजे अर्थ सांगणाऱ्या चिनी चिन्हाला, エ हे नुसता उच्चार सांगणारं काताकाना अक्षर समजतं आणि ‘उद्योग’ या शब्दाचं भलतंच काही करून बसतं. मागची बाजूही हवी, हे दोनदा सांगावं लागतं. तरी ती येत नाही.

भाषांतराचं अ‍ॅप नावांचंही भाषांतर करतं, ही त्याची जुनी खोड. 田中, म्हणजे तानाका, या भल्या माणसाला ते कधीकधी ‘भातशेताच्या मध्ये’ करून टाकतं. हसू येतं खरं, पण आपले कुलकर्णी, देशमुख, चिटणीस कुणी अर्थ बघून उलथे केले तर? आपल्याकडे हुद्देच आडनावं होऊन बसलेत आणि मूळ काम कधीच सुटलंय.

तर, समजा कार्ड बँकेचं आहे. आडनाव 山崎, हुद्दा 支店長代理. ‘शितेन्चो’ म्हणजे शाखाधिकारी आणि ‘दाइरी’ म्हणजे दुसऱ्याच्या वतीनं काम करणारा. कोश उघडला की ‘प्रभारी शाखाधिकारी’ हातात येतं आणि ते इतकं चपखल वाटतं की पुढे बघावंसंच वाटत नाही. पण मराठीत ‘प्रभारी’ म्हटलं की मूळ साहेब रजेवर किंवा खुर्ची रिकामी. इथे तसं काही नाही. जपानी बँकांत ही नेहमीची, मधल्या फळीतली पायरी आहे. एकाच शाखेत असे दाइरी चारपाचही असू शकतात. शाखाधिकारी आपल्या जागी शाबूत असतात. त्यांना डावलून दाइरींना शाखेचं प्रमुख ठरवणारं पत्र गेलं, तर अवघडतात ते दाइरीच.

म्हणून असा हुद्दा मराठीत आणताना ‘सहायक अधिकारी’च्या आसपास राहावं, मूळ शब्द शेजारी ठेवावा आणि विचारणाऱ्याला एवढंच सांगावं : यांच्या वर शाखाधिकारी आहेत, मोठा निर्णय यांच्या एकट्याचा नसेल. कार्डावर ‘दाइह्यो तोरिशिमारियाकु शाचो’ असेल तर गोष्ट वेगळी. त्यातला ‘शाचो’, म्हणजे अध्यक्ष, हा कंपनीनं दिलेला मान, पण ‘दाइह्यो तोरिशिमारियाकु’, म्हणजे कंपनीच्या वतीनं बोलणारा संचालक, हा कायद्यानं नोंदलेला अधिकार. त्या माणसाची सही कंपनीला बांधते. दोन्ही मिळून ‘अध्यक्ष’ लिहिलं की कामाचा भाग गळतो.

आता हाक. समोर भेटले तर आडनावाला ‘सान’ लावावं आणि निवांत व्हावं. ‘सान’ला बाई की बुवा हे ठाऊक असावं लागत नाही, नुसत्या नावावरून ते कळेलच असं नाही, त्यामुळे ‘मिस्टर’ लिहिण्यात धोका असतो. इंग्रजी मेलमध्येही ‘डिअर अमुक-सान’ चालतं. जपानीत पत्र लिहायचं तर हुद्दा आधी, मग नाव, मग ‘सान’हून जास्त आदराचं ‘सामा’. हुद्द्यालाच ‘सामा’ चिकटवून ‘बुचो-सामा’ केलं की आपल्या ‘श्री. रावसाहेबजी’सारखं होतं, कारण ‘बुचो’, म्हणजे विभागप्रमुख, यात मान आधीच आहे. आणि स्वतःच्या नावाला ‘सान’ कधीच नाही. उत्साहात सहीखाली ‘जोशी-सान’ लिहिणारे बरेच आहेत.

राहता राहिलं आडनाव. 山崎 हे यामाझाकी की यामासाकी, हे कांजीवरून ठरत नाही. दोन्ही घराणी आहेत. इमेलचा पत्ता वाचता आला असता तर कळलं असतं, पण तिथे पट्टा. यामाझाकी जास्त ऐकू येतं म्हणून ‘बहुधा यामाझाकी’ असं कळवावं लागतं. मेल जातो.

संध्याकाळी मागच्या बाजूचा फोटो येतो, स्वच्छ, सरळ, चारही कोपरे दिसणारा. त्यावर रोमन अक्षरांत छापलेलं असतं : Yamasaki.