बेरीज जुळली होती

पगार जमा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एक फिटर माझ्या टेबलापाशी आला. म्हणाला, "मॅडम, मी या महिन्यात ओव्हरटाइम केलाच नाही. बारा दिवस रजेवर होतो. मग मला हे जास्तीचे कसे आले?" तो बोलला नसता तर आमच्या ध्यानात कधी आलं असतं, कोण जाणे.

मी एक्सेलचा तक्ता उघडला. टोकन नंबर आणि नावं डावीकडे, ओव्हरटाइमचे तास उजवीकडे. छापताना सुटसुटीत दिसावं म्हणून मधे मीच एक रिकामा रकाना टाकला होता. नंतर यादी नावांच्या क्रमाने लावली. एक्सेलला रिकामा रकाना म्हणजे तक्त्याची हद्द वाटते. त्यामुळे नावं हलली, तास जागच्या जागी राहिले. मी फक्त नावाचाच रकाना निवडला असता, तर बाजूचा मजकूर सुटतोय अशी सूचना तरी आली असती. इथे तीही नाही. मी तासांची बेरीज मूळ हजेरीशी ताडून पाहिली होती आणि ती जुळली होती. जुळणारच, आकडे तेच होते, फक्त माणसं बदलली होती.

जुनी हजेरी काढून टोकन नंबरावरून एकेक ओळ ताडली. 64 जणांपैकी 38 जणांचे तास चुकले होते. 21 जणांना जास्त पैसे गेले होते, 17 जणांना कमी.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, आधी पैशांचं बघा, मग सगळ्यांना कळवा. सूचना मी लिहायला घेतली. पहिलं वाक्य उतरलं ते असं: "तांत्रिक कारणामुळे ओव्हरटाइमच्या नोंदींमध्ये चूक झाली असून, कुणाची गैरसोय झाली असल्यास दिलगीर आहोत." वाचलं आणि माझंच मला हसू आलं. आपली भाषा यात फार सोयीची आहे. 'चूक झाली' म्हटलं की करणारा गायब, पाऊस झाला म्हणतात तसं. 'आहोत' म्हटलं की मी गर्दीत. आणि 'झाली असल्यास' कशाला? 17 जणांची नावं माझ्यासमोर होती.

ते खोडून लिहिलं: "यादी नावाप्रमाणे लावताना मी तासांचा रकाना सोबत घेतला नाही. त्यामुळे 38 जणांचे तास दुसऱ्यांच्या नावावर गेले. मी माफी मागते. कमी मिळालेले पैसे उद्या संध्याकाळपर्यंत खात्यात जमा होतील. जास्त गेलेले कुणालाही न विचारता कापले जाणार नाहीत." खाली माझं नाव. त्या दिवशी तीन शिफ्टच्या याद्या एकदम आल्या होत्या, हे खरं होतं. पण ते मी लिहिलं नाही. ते साहेबांना वेगळं सांगितलं, कारण काम कसं वाटायचं हे त्यांना ठरवायचं होतं. ज्याचे पैसे कमी आले त्याला माझ्या शिफ्टच्या याद्यांशी काय घेणं?

मग 17 जणांना एकेकाला भेटले. बहुतेकांनी मान डोलावली आणि कामाला लागले. एका वेल्डरचा मात्र त्याच दिवशी कर्जाचा हप्ता बाउन्स झाला होता. तो चिडलेला होता, आणि माझा तोल गेला. "मला रात्री झोप लागणार नाही, इतकं वाईट वाटतंय, मी असं कसं केलं" असं काहीबाही मी बोलत सुटले. डोळे भरले. शेवटी तोच म्हणाला, "जाऊ द्या मॅडम, होतं." ज्याचा हप्ता चुकला तो माझी समजूत काढत होता!

शेजारच्या टेबलावरच्या जुन्या क्लार्क बाईंनी हे ऐकलं होतं. तो गेल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "दंड किती लागला ते विचारलंस का?"

नव्हतं विचारलं.

दुपारच्या सुट्टीत मी पुन्हा गेले. या वेळी कागद घेऊन. बँकेने किती दंड लावला ते विचारलं, त्याचा मेसेज मागितला, आणि पगार आमच्याकडून कमी गेला होता असं कंपनीच्या लेटरहेडवरचं पत्र त्याला दिलं. दंडाची रक्कम कंपनीकडून मिळावी म्हणून अर्ज मीच लिहिला, त्यावर त्याची फक्त सही घेतली. तो या वेळी "होतं" म्हणाला नाही. "ठीक आहे" म्हणाला. मला ते बरं वाटलं.

आता तास चिकटवण्याऐवजी टोकन नंबरावरून सूत्राने ओढते, आणि बेरजेखेरीज कुठल्याही दहा जणांच्या ओळी मूळ हजेरीशी ताडते. वेल्डर दर महिन्याला पगाराची स्लिप घेतो ती माझ्या टेबलापाशीच उघडतो. खिशातली छोटी वही काढून तास जुळवतो, मग जातो. तोवर मी थांबते.