सायकलची सीट आणि माझे सहा आठवडे

"गुडघ्याला धक्का बसणार नाही असा व्यायाम करा, सायकल चालवा," असं मला ज्याने त्याने सांगितलं. सीट किती उंच ठेवायची, हे मात्र एकानेही सांगितलं नाही. त्यापायी सहा आठवडे गेले, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

वय 48, वजन 81 किलो. दोन्ही गुडघ्यांच्या वाटीभोवती दुखायचं, जिना उतरताना जास्त. एक्स-रेत थोडी झीज दिसली. डॉक्टरांनी आठ दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या, "वजन कमी करा" म्हणाले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. मग मी सकाळी तळजाईच्या टेकडीवर जाऊ लागले. चढताना बरं वाटायचं, उतरताना कळ यायची. उतारावर अंगाचं वजन रोखून धरताना वाटी मागे दाबली जाते, हे मला पुढे समजलं. टेकडी सोडून मी जिम लावली.

तिथल्या सायकलची सीट खालून तिसऱ्या भोकावर अडकलेली होती. पिन ओढली तरी हलायची नाही. पेडल वर आलं की गुडघा जवळजवळ छातीशी यायचा. वीस मिनिटांत वाटीखाली जळजळ सुरू व्हायची. ट्रेनर म्हणायचा, "मॅडम, सवय होईल," आणि वर लोड वाढवून द्यायचा. पिनबद्दल मी तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा "मेकॅनिक येतोय" हेच उत्तर. तिसऱ्या आठवड्यात सकाळी पलंगावरून उतरताना भिंतीला हात लावावा लागला. तरी मी जातच राहिले, कारण सायकल गुडघ्याला चांगली असते हे सगळेच सांगत होते. दोष सायकलचा नव्हता, सीटचा होता, हे मला कळणार कुठून?

शेवटी फिजिओथेरपिस्ट मॅडमकडे गेले. त्यांनी आधी मला त्यांच्या सायकलवर बसवलं आणि बाजूला उभं राहून नुसतं पाहिलं. मग म्हणाल्या, "पेडल अगदी खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. गुडघा सरळ व्हायला हवा, पण कंबर एका बाजूला कलायला नको." सीट तीन भोकं वर गेली तेव्हा ते जमलं. त्यानंतर टाचेऐवजी चवडा पेडलवर ठेवला की खालच्या टोकाला गुडघा किंचित वाकलेला राहतो, तेवढाच हवा. सीट खाली असली की गुडघा फार वाकतो, आणि वाकलेल्या गुडघ्यावर जोर दिला की वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते. एवढं साधं होतं हे!

सुरुवात दहा मिनिटांची, दिवसाआड, लोड अगदी हलका. त्यांनी दुखण्याला 0 ते 10 असे गुण द्यायला शिकवलं. व्यायाम करताना 3 पर्यंत चालेल, पण दुसऱ्या सकाळपर्यंत दुखणं नेहमीच्या पातळीवर यायला हवं. आलं नाही तर पुढच्या वेळी वेळ निम्मी करायची. मी हे वहीत लिहीत गेले आणि दोन महिन्यांत तीस मिनिटांवर पोचले. सोबत उंच खुर्चीवरून हात न टेकता उठबस करायची होती, कारण मांडीचे स्नायू कमकुवत असले की नुसत्या सायकलने गुडघा सुधारत नाही.

वजन मात्र बरंचसं ताटातून उतरलं. अर्धा तास हलकी सायकल चालवून एका वडापावाइतकंही जळत नाही. रात्रीच्या चार पोळ्यांच्या दोन केल्या, उसळ वाढवली, संध्याकाळचं फरसाण बंद केलं. पाच महिन्यांत 74 किलो. एक किलो उतरलं की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी हलका होतो. जिन्यावर ते जाणवतं.

आमच्या ह्यांची कंबर दुखते. त्यांना हीच सायकल सोसली नाही, पुढे वाकून बसलं की दुखणं वाढायचं. सपाट रस्त्यावर दिवसातून तीनदा दहा-दहा मिनिटं चालणं त्यांना मानवलं. म्हणून माझं वेळापत्रक तसंच्या तसं उचलू नका.

एक राहिलंच, आणि खरं तर ते आधी सांगायला हवं होतं. मॅडमनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं: गुडघा सुजून गरम होतो का, ताप येतो का, मध्येच अडकतो किंवा दगा देतो का, पडल्यानंतर पायावर भार टाकता येत नाही असं झालं का? यातलं काही असेल तर व्यायाम थांबवून आधी डॉक्टरांकडे. गुडघा गरम आणि सोबत ताप असेल, तर त्याच दिवशी. कंबरदुखीत पाय लुळा पडू लागला, दोन मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर रात्र असली तरी थेट हॉस्पिटल गाठायचं. आपोआप वजन घटत असेल किंवा पडून राहूनही रात्री दुखणं थांबत नसेल, तरी तपासून घ्या.

जिममधली ती सीट महिन्यापूर्वी पाहिली तेव्हाही तिसऱ्याच भोकावर होती. तिथे बसलेल्या एका काकूंना मी टाच पेडलवर ठेवायला सांगितलं आणि शेजारच्या सायकलवर बसवलं.