कच्चं तांबं, लगड आणि A बटण

तुम्ही विचारलंत म्हणून : "भाचीला गेमचे स्क्रीनशॉट मराठी करून देता ना, मग बटणं आणि निम्मी नावं इंग्रजीत का ठेवता?"

कारण तिच्यासमोरचा पडदा इंग्रजीच राहतो. माझा कागद शेजारी असतो आणि तिला दोन्हींची सांगड घालायची असते. ती तिसरीत आहे, मराठी माध्यमात. सध्या 'स्टारड्यू व्हॅली' खेळते.

त्यातली भट्टीच घ्या. Furnace बनवायला Copper Ore २० आणि Stone २५ लागतात. Ore ला 'तांब्याचा दगड' म्हटलं की तिच्या डोक्यात तो साध्या दगडात मिसळणार आणि ती नुसतेच दगड गोळा करत बसणार. म्हणून Ore म्हणजे 'कच्चं तांबं', Stone म्हणजे 'दगड'. मग भट्टीत कच्चं तांबं ५ आणि कोळसा १ टाकला की गेममधल्या अर्ध्या तासात Copper Bar मिळतो. त्याला मी 'तांब्याची लगड' म्हणते. सोन्याची लगड तिने आजीच्या तोंडून ऐकलेली आहे, आणि तांबट आळीत आम्ही बंब आणायला गेलो होतो, त्यामुळे तांबं ठोकतात हेही तिला ठाऊक आहे. पुढे लोखंड आणि सोनं येतं तेव्हा नवा विचार करावा लागत नाही : कच्चं लोखंड, लोखंडाची लगड.

ही नावं एका वहीत आहेत. डावीकडे पडद्यावरचं इंग्रजी, उजवीकडे मराठी. दुकान, पेटी, पत्र, संवाद, कुठेही तेच नाव.

खरी अडचण आपल्या विभक्तीची. 'लगड' वाक्यात गेली की 'लगडी', 'लगडीने' होते. नुकतं वाचायला लागलेल्या मुलीला ती वेगळीच वस्तू वाटते. झारी सुधारायला लोहार २००० नाणी आणि अशा पाच लगडी मागतो. तिथे मी 'लगडींची गरज आहे' असं न लिहिता 'हवंय : तांब्याची लगड – ५' असं लिहिते. नाव मूळ रूपात राहतं, खाली बारीक अक्षरांत Copper Bar. वाक्य जरा दुकानातल्या यादीसारखं होतं, होऊ दे.

बटणाच्या अक्षराला तर मी हातच लावत नाही. 'A दाब' एवढंच. 'खालचं बटण' असं कधीच लिहीत नाही, कारण निन्टेन्डोच्या कंट्रोलरवर A उजवीकडे असतं आणि एक्सबॉक्सच्या खाली. घरी ती पहिल्यावर खेळते, कोथरूडला मामेभावाकडे दुसऱ्यावर. क्रियापदं मात्र ठरलेली : 'उचल' म्हणजे उचलच, मध्येच 'घे' नाही.

संवादात मी मोकळी असते. वहीतलं नाव आलं की ते ठळक करते, बाकी लोहार आपल्या शेजारच्या काकांसारखा बोलला तरी चालतं. "काय गं, भट्टी पेटली का?" असं तो विचारतो, तेव्हा फक्त भट्टी ठळक असते.