शीर्षक झाकून वाचणं : ‘औदुंबर’वरची टिपणं

सध्या माझा एकच उद्योग चालू आहे. कविता समोर घ्यायची, शीर्षकावर कागदाची पट्टी ठेवायची, शेवटपर्यंत वाचायचं, आपल्या मनानं वहीत एक शीर्षक लिहायचं आणि मगच पट्टी काढायची. त्यानंतर कविता पुन्हा वाचायची आणि कुठली ओळ बदलली तिच्यापुढे खूण करायची. एकाही ओळीपुढे खूण झाली नाही, तर ते शीर्षक नुसतं अनुक्रमणिकेच्या सोयीचं आहे असं मी धरते.

या महिन्यात मुक्काम बालकवींच्या ‘औदुंबर’वरच पडला. आठच ओळी, बहुतेकांना शाळेपासून पाठ. तीच अडचण. पाठ असलेल्या कवितेचं शीर्षक झाकून काय मिळणार? म्हणून उलट केलं : कविता तीच ठेवली आणि वर वेगवेगळी शीर्षकं लावून पाहिली.

आधी ‘झरा’. दुसऱ्याच ओळीत ‘निळासावळा झरा वाहतो बेटाबेटांतुन’ येतं आणि शीर्षकाचं काम तिथंच संपतं. पुढचं गाव, शेतमळे, पायवाट ही सगळी झऱ्याकाठची यादी होऊन बसते. मग ‘काळा डोह’. हे जास्त फसवं आहे. ‘पायवाट पांढरी’ अडवीतिडवी जात सहाव्या ओळीत ‘काळ्या डोहाकडे’ पोचते आणि कविता तिथंच पुरी झाल्यासारखी वाटते. शेवटच्या दोन ओळी मागून जोडलेल्या शेपटासारख्या राहतात. ‘सांजवेळ’ तर सगळ्यात वाईट, कारण ते वाचकाला काय वाटायला हवं ते आधीच सांगून टाकतं.

आता मूळ शीर्षक. ‘औदुंबर’ वाचून आपण आत शिरतो आणि सात ओळी तो कुठेच दिसत नाही. मराठी वाचकाच्या मनात तोवर दत्त येऊन गेलेले असतात, पार, पादुका, प्रदक्षिणा. कवितेत यातलं काही नाही. दिसतात ते रंग : हिरवाळी, निळासावळा, हिरवी, पांढरी, पुन्हा हिरव्या, मग काळ्या, मग ‘गोड काळिमा’. वाचक झाडाला विसरतोही. आणि शेवटच्या ओळीच्या शेवटच्या शब्दाला तो भेटतो : ‘पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर.’ या ओळीत एकही रंग नाही, हे मला शीर्षकांची अदलाबदल करतानाच पहिल्यांदा दिसलं.

खरी गंमत त्याच्या आधीच्या ओळीत आहे. ‘झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर.’ पहिल्या वाचनात आपण सरळ समजतो की काळिमा पसरतोय. दिवस कलला असेल, ढग आले असतील. ओळ संपते तिथं वाक्यही संपल्यासारखं वाटतं. पण ‘औदुंबर’ हा शब्द आला की वाक्याला मागाहून कर्ता मिळतो. आता काळिमा पसरणारा तोच असू शकतो, जळ झाकोळणाराही तोच. मग आणखी एक ओळ मागे जाऊन पाहा : डोह काळा का होता? सहाव्या ओळीत ते नुसतं विशेषण होतं, खोल पाणी काळंच दिसतं म्हणून आपण पुढे गेलो होतो. शेवटाला पोचल्यावर त्याला कारण मिळतं, झाडाची सावली. म्हणजे पायवाट त्याच्याकडेच चालली होती. नाव पहिल्यापासून माथ्यावर छापलेलं, तरी आपण नसलेल्या झाडाच्या सावलीत सहावी ओळ वाचून गेलो.

क्रियापदंही शीर्षकामुळे वेगळी वाटू लागतात. झरा वाहतो, पायवाट चालली, शेतमळ्यांची गर्दी लागली. एवढ्या हालचालीत बसलेला एकटा तोच. सुरुवातीला जे दत्तस्थान मनात येऊन गेलं होतं, ते इथं निराळ्या वाटेनं परत येतं : देव नाही, पूजा नाही, पण पाण्यात पाय सोडून बसलेला कुणी तपस्वी आहे. शीर्षकाची पुण्याई कवीनं सात ओळी वापरलीच नाही आणि आठव्या ओळीत एकदम खर्च केली. दुसरं एखादं झाड असतं तर हे जमलं नसतं, असं माझं ठाम मत आहे.

यावरून मी आमच्या वाचनगटात जरा पुढची उडी मारली. म्हटलं, ऐल तट आणि पैल तट कुणाच्या हिशेबानं? टेकडी पैल कुणापासून? कुणीतरी एका जागी बसून पाहत असणार, आणि ती जागा औदुंबराची. सगळं चित्र त्याच्या नजरेतलं आहे! गटात एक निवृत्त शिक्षिका आहेत, आम्ही सगळे त्यांना बाई म्हणतो. त्या म्हणाल्या, “अगं, मग पायवाट डोहाकडे ‘चालली’ कशी? तो डोहापाशी बसलाय ना? त्याला ती येताना दिसेल.” बरोबर आहे. ‘चालली’ म्हणणारा डोहापासून लांब उभा आहे आणि बसलेल्या झाडाला बाहेरून बघतोय. शीर्षक मागच्या ओळींना नवा अर्थ देतं, पण ओळीतल्या शब्दाला ते उलटं फिरवू शकत नाही. तेव्हा सावलीचं वाचन टिकतं आणि नजरेचं टिकत नाही.

तुलनेसाठी कुसुमाग्रजांची ‘कणा’ घेतली. तिथंही शीर्षकाचा शब्द अगदी अखेरीला येतो, पण पुरात घर गेलेला विद्यार्थी तो स्वतःच्या तोंडानं उच्चारतो. शीर्षक आणि शेवट एकमेकांवर घट्ट बसतात. परिणाम जबरदस्त, पण मागे जाऊन एखादी ओळ वेगळी वाचावी लागत नाही. मी खुणा करायला बसले तर ‘कणा’त फारशा झाल्या नाहीत. कविता म्हणून ती कमी ठरते असं अजिबात नाही. तिच्या शीर्षकाचं काम निराळं आहे.

आता हे सगळं स्वतःच्या कवितेवर. चार ओळी बरेच दिवस पडून होत्या :

छत्री मिटून कोपऱ्यात ठेवली,
चहा गाळला दोन कपांत.
खिडकीपाशी उभ्यानं एक कप संपवला;
दुसऱ्यावर साय धरली.

वर ‘आठवण’ असं होतं. पट्टीच्या कसोटीवर ते पहिल्या फटक्यात पडलं. मग ‘तेरावा’ लावून पाहिलं. गटात वाचल्यावर सगळ्यांना चटका बसला, पण दुसऱ्यांदा वाचायला कुणाला काही उरलं नाही; कोड्याचं उत्तर वर लिहून ठेवल्यासारखं झालं. शिवाय तेराव्याला घर माणसांनी भरलेलं असतं, दोन कपांचा चहा कुठला! सध्या ‘पंधरावा दिवस’ ठेवलंय. कविता संपल्यावर वाचकाला मागे मोजावं लागतं, पाहुणे गेलेत हे कळतं, आणि दोन कप काढणारा हात सवयीनं चाललाय हेही.

बाईंना हे पटलं. फक्त त्यांनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं : नव्या शीर्षकाखाली छत्री काय करतेय? बाहेरून कोण आलं, कुठून आलं? ‘आठवण’खाली ती पावसाळी वातावरण म्हणून खपून जात होती, आता प्रत्येक वस्तू साक्षीदार झाली आहे. छत्री जुनी, मोठी, गेलेल्या माणसाची करावी की ओळच काढून तीन ओळींची कविता ठेवावी, हे अजून ठरत नाही. पुढच्या बैठकीला दोन्ही पाठ नेणार आहे, शीर्षक झाकून.