पुस्तकांच्या कपाटाची पुढची नोंद: पिना वाढवल्या, तरी फळीचं पोट गेलं नाही

१४ सप्टेंबर

डिसेंबरात पूर्ण केलेल्या कपाटाकडे पावसाळाभर नीट लक्ष गेलं नव्हतं. परवा बाबा कोशाचा खंड काढायला वाकले आणि म्हणाले, "अरे, या फळीला पोट आलंय बघ." बघितलं तर खरंच. समोरून पाहताना डोळा त्या वाकावरच अडकत होता.

मापं आधी सांगतो. कपाट सहा फूट उंच, आतली रुंदी ९०० मिमी, फळीची खोली २८० मिमी. सगळा १८ मिमी प्लाय, पाठीला ६ मिमी. मधली एक फळी पक्की, बाकीच्या चार सरकत्या, म्हणजे बाजूंच्या भोकांत घातलेल्या पिनांवर नुसत्या टेकलेल्या. प्रत्येक फळीला चार पिना, म्हणजे दोन्ही बाजूंना दोन-दोन. पाठीकडे आणि मध्ये कुठेही आधार नाही.

वाक मोजायला सुताराची दोऱ्याची पद्धत वापरली. फळीच्या दर्शनी वरच्या कडेवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरा ताणून धरला आणि बरोबर मध्यावर दोरा व फळी यांच्यातली फट स्टीलच्या पट्टीने मोजली. पुस्तकं न काढता हे करता येतं. कोशांच्या खंडांची सगळ्यात खालची फळी ७ मिमी वाकली होती, म्हणजे दोन सुतांहून जास्त. सगळ्यात वरची कादंबऱ्यांची फळी ८ मिमी! हलक्या पुस्तकांची फळी जास्त का वाकावी, हे कोडं तेव्हा सुटलं नाही.

मग वजन केलं. खंड हातात घेऊन वजनकाट्यावर उभा राहिलो आणि त्यातून माझं वजन वजा केलं. कोशाचे ३० सेंमी रांगेतले खंड साडेदहा किलो भरले, म्हणजे मीटरला ३५ किलो. तेवढ्याच लांबीच्या कादंबऱ्या सात किलोच्या आत होत्या. दिवाळी अंकांनी मात्र चकवलं. ते दहा किलोच्या जवळ गेले. पातळ दिसतात, पण गुळगुळीत कागद जड असतो आणि अंक एकमेकांना घट्ट चिकटून बसतात, मध्ये हवा उरत नाही. दिवाळी अंकांची फळी कोशांइतकीच जड धरा.

२१ सप्टेंबर

पहिला प्रयोग मला सगळ्यात सोपा वाटला तो. प्रत्येक बाजूला तिसरी पिन घातली. चाराच्या सहा झाल्या, खंड परत ठेवले, दोरा ताणला. ७ मिमी. काडीचाही फरक नाही.

थोडा विचार केल्यावर कारण लक्षात आलं. खालच्या फळीवर पुस्तकांचे सुमारे ३२ किलो आणि फळीचे स्वतःचे तीन. चार पिनांत वाटले तर पिनेला नऊ किलोही येत नाहीत. ५ मिमीची स्टीलची पिन ते आरामात पेलते. म्हणजे पिना कधी कमी पडतच नव्हत्या. फळी वाकते ती डाव्या आणि उजव्या आधारामधल्या ९०० मिमीत, आणि तिसरी पिन ते अंतर एका मिलिमीटरनेही कमी करत नाही. एकाच बाजूला कितीही पिना लावा, फळीच्या पोटाला त्या दिसतच नाहीत.

हे अंतरच सगळं ठरवतं. मीटरमागचं वजन तेच असेल, तर वाक अंतराच्या चौथ्या घातात वाढतो. अंतर दीडपट झालं की वाक पाचपट. उलट अंतर निम्मं केलं की वाक सोळाव्या हिश्शावर येतो. जाडीचा परिणाम तिसऱ्या घातात होतो, म्हणून १८ ऐवजी २५ मिमीची फळी घेतली तर वाक साधारण पावणेतीनपट कमी होतो. जाड प्लायच्या खर्चाच्या आणि वजनाच्या मानाने हा फायदा मला थोडा वाटला.

माझ्या फळीचं गणित मांडलं. प्लायचा ताठरपणा ६००० न्यूटन प्रति चौरस मिमी धरला, तर ३५ किलो मीटरला या हिशोबाने ९०० मिमी अंतरावर साडेतीन मिमीहून थोडा जास्त वाक येतो. ६०० मिमीवर तोच पाऊण मिमीच्या आत. डोळ्याला साधारण फुटाला अर्धा मिमीच्या पुढचा वाक जाणवायला लागतो, म्हणजे तीन फुटाच्या फळीला दीड मिमीची मुभा. माझी फळी पहिल्या दिवसापासूनच त्याच्या दुप्पट वाकलेली होती.

मग ७ मिमी कुठून आले? लाकूड सतत ओझ्याखाली राहिलं की हळूहळू बसत जातं, पावसाळ्याच्या दमटपणात आणखी. खंड काढून फळी रात्रभर मोकळी ठेवली, तर सकाळी वाक ३ मिमीवर आला होता. जो परत गेला तो लवचिक वाक. जो राहिला तो मुरलेला वाक, तो आता जाणार नाही. फळी उलटी घालून वेळ मारून नेता येते, पण अंतर तेच ठेवलं तर ती पुन्हा दुसऱ्या बाजूला बसते.

वरच्या फळीचं कोडंही त्याच दिवशी सुटलं. ती काढून कडेची लिपिंग पट्टी थोडी उचकटली, तर आतल्या थरांनी सगळं सांगितलं. प्लायच्या वरच्या थराच्या रेषा फळीच्या लांबीने नव्हे, रुंदीने धावत होत्या. आठ बाय चारच्या शीटमध्ये रेषा सहसा आठ फुटाच्या दिशेने असतात. मी शीट वाचवण्यासाठी ही एक फळी चार फुटाच्या बाजूने कापली होती आणि वरून सनमायका लावल्यावर विसरून गेलो होतो. आडव्या रेषांच्या प्लायचा ताठरपणा साधारण निम्माच असतो. तुमच्याकडे कपाटातली एकच फळी विनाकारण वाकत असेल, तर आधी तिच्या रेषा कुठल्या दिशेने आहेत ते बघा. मी ती फळी बाद करून शीटच्या लांबीने नवी कापली.

२८ सप्टेंबर

खालच्या जड कप्प्यासाठी मधली उभी फळी घालायचं ठरवलं, तळापासून पक्क्या फळीपर्यंत. त्यामुळे ९०० चे दोन गाळे झाले, प्रत्येकी ४४१ मिमीचे. सरकती फळी कापून दोन तुकडे केले, प्रत्येक तुकडा गाळ्यापेक्षा २ मिमी आखूड. फट याहून जास्त ठेवू नका, कारण फळीचं टोक पिनेवर जेमतेम सातआठ मिमीच टेकलेलं असतं.

भोकांसाठी १२ मिमी प्लायच्या पट्टीचा साचा आहेच: ५ मिमीची भोकं, एकमेकांपासून ३२ मिमीवर, कडेपासून ३७ मिमी आत. ही युरोपातल्या कपाटांच्या कारखान्यांतली रूढ मापं आहेत आणि बाजारातल्या ५ मिमीच्या पिना त्याला बसतात. साच्याच्या एका टोकाला ठळक "खाली" लिहिलंय आणि तो नेहमी तळाच्या फळीवर टेकवूनच धरतो. डिसेंबरात एका बाजूच्या एका रांगेला तो उलटा धरला गेला होता. टोकापासून पहिल्या भोकाचं अंतर दोन्हीकडे सारखं नसल्याने ती अख्खी रांग ४ मिमी वर गेली आणि फळी एक पाय आखूड असलेल्या चार पायांच्या स्टुलासारखी डुगडुगायला लागली. ती भोकं लाकडी खुंट्या फेविकॉल लावून बुजवली आणि पुन्हा पाडली.

मधल्या फळीची खरी अडचण वेगळीच आहे. तिच्यात दोन्ही बाजूंनी, त्याच उंचीवर पिना हव्यात. मी इतर बाजूंना ड्रिलच्या बिटला टेप गुंडाळून १० मिमी खोल भोकं पाडतो. इथे दोन्हीकडून १० म्हणजे २०, आणि फळी १८ ची. अर्धवट कुठेतरी एकमेकांत घुसणारी वाकडी भोकं पाडण्यापेक्षा आरपार एकच भोक बरं. माझ्या पिनेचा दांडा ८ मिमी आहे, दोन्ही मिळून १६, म्हणजे त्या आत एकमेकींना धडकत नाहीत. पिना विकत घेताना दांडा मोजून घ्या. ९ मिमीच्या पुढे गेला तर हे जमणार नाही. आरपार भोक पाडताना पलीकडचा सनमायका फुटतो, म्हणून मागे रद्दी प्लायचा तुकडा शिकंजात घट्ट धरला. पहिलं भोक त्याशिवाय पाडलं होतं आणि तिथे नखाएवढा टवका उडाला.

आणखी एक गोष्ट वेळेवर लक्षात आली. मधल्या फळीवर दोन्ही गाळ्यांचं आतल्या बाजूचं ओझं येतं, शिवाय पक्क्या फळीचंही. तळाची फळी मध्यावर अधांतरी असेल तर पोट फक्त एक मजला खाली सरकतं. म्हणून तळाखाली, बरोबर मधल्या फळीच्या रेषेत, जमिनीला टेकणारा सागाचा ठोकळा बसवला.

५ ऑक्टोबर

खालचे कप्पे आठवडाभर पूर्ण भरलेले आहेत. दोरा ताणला, तर मध्यावर दोरा आणि फळी यांच्यात पोस्टकार्डही जात नाही.

वरच्या अर्ध्यात बाबांना मधली उभी फळी नको होती, कारण तिथे रुंद चित्रांची पुस्तकं आडवी ठेवायची आहेत. तिथे दोन कामं केली. फळीच्या पुढच्या कडेला १८ मिमी जाड, ४० मिमी उंच सागाची पट्टी उभी चिकटवली, वरची कड फळीशी सपाट आणि बाकीची खाली लोंबती. एवढ्याशा पट्टीने गणितात फळीचा ताठरपणा जवळपास तिप्पट होतो. पट्टी फळीच्या पूर्ण लांबीची असावी, पण टोकांना ती बाजूच्या पिनांना अडू नये. माझ्या पिना ३७ मिमी आत आहेत, त्यामुळे अडली नाही.

मागच्या कडेसाठी कपाटाच्या पाठीमागे, मध्यावर, १८ मिमीची उभी पट्टी चिकटवली. पाठीचा प्लाय खाचेत २० मिमी आत बसवलेला होता, म्हणून कपाट भिंतीपासून पुढे आलं नाही. त्याच साच्याने, तळाऐवजी पक्क्या फळीवर टेकवून, आतून भोकं पाडली. आता प्रत्येक सरकत्या फळीला मागे मध्यावर पाचवी पिन आहे आणि उंची अजूनही बदलता येते. नुसत्या ६ मिमीच्या पाठीत पिन घातली असती तर ओझ्याने भोक लांबट होऊन पिनेचं तोंड खाली झुकलं असतं.

नव्या कापलेल्या वरच्या फळीवर कादंबऱ्या चढवल्या आहेत, पुढच्या कडेला वाक १ मिमीच्या आत. दुसऱ्या सरकत्या फळीची पट्टी काल रात्री शिकंजात लावली आहे, उद्या सोडवीन आणि दिवाळी अंक तिच्यावर ठेवीन. पुढचं माप दिवाळीनंतर, नवे अंक आले की.