गाउस-सायडेल आणि जर्नलवरचा लाल शेरा

ऐरोलीच्या आमच्या कॉलेजात न्यूमेरिकल मेथड्सच्या जर्नलवर सही मिळाली एकदाची. बाकी सगळी प्रॅक्टिकल्स सुरळीत पार पडली, पण गाउस-सायडेलच्या, म्हणजे अंदाजापासून सुरू करून फेरीफेरीने समीकरणं सोडवण्याच्या मेथडच्या पानावर जे झालं त्याचा राग अजून गेलेला नाही. गणित हे होतं:

```
2x + 3y = 8
 x + 4y = 9
```

तपासणाऱ्या सरांनी पहिली रो पाहिली. कर्णावर २, शेजारी ३. लगेच लाल पेनाने शेरा मारला: ‘डायगोनली डॉमिनंट नाही, मेथड चालणार नाही.’ खाली माझी उत्तरं एकेका फेरीने x = १, y = २ कडे सरकत होती, ती वाचलीच नाहीत.

या मेथडमध्ये मॅट्रिक्सचे दोन भाग पाडतात. कर्ण आणि त्याखालचा भाग डावीकडे ठेवायचा, वरचा उजवीकडे न्यायचा. म्हणजे x = (8 − 3y)/2, आणि तो ताजा x वापरून y = (9 − x)/4. शून्यापासून सुरुवात केली की y येतो १.२५, मग १.७१८७५. खऱ्या उत्तरापासूनचं अंतर २ वरून ०.७५, तिथून ०.२८१२५. दर फेरीला ०.३७५ पट. हा आकडा कुठून येतो? कर्णाबाहेरच्या ३ आणि १ चा गुणाकार, भागिले कर्णावरच्या २ आणि ४ चा गुणाकार. दोन समीकरणांसाठी हीच पुनरावृत्तीच्या मॅट्रिक्सची सर्वांत मोठी आयगेनव्हॅल्यू. तिची किंमत, चिन्ह सोडून, १ पेक्षा कमी असली की कुठूनही सुरुवात करा, उत्तर मिळतंच.

डॉमिनन्सची अट, म्हणजे प्रत्येक रोमध्ये कर्णावरचा आकडा, चिन्ह सोडून, बाकीच्यांच्या बेरजेपेक्षा मोठा असणं, पुरेशी आहे, आवश्यक नाही. ती पाळली तर खात्री, मोडली तर त्यावरून काहीच ठरत नाही. शिवाय इथे ती कॉलमने पाळली जाते: पहिल्या कॉलममध्ये २ हा १ पेक्षा मोठा, दुसऱ्यात ४ हा ३ पेक्षा. तीही तितकीच पुरेशी. ठाण्याला जाताना लोकलमध्येच मी हे जर्नलच्या मागच्या पानावर मांडलं.

दुसऱ्या दिवशी सरांना म्हटलं, “सर, कॉलमने बघा ना.” ते बराच वेळ बघत राहिले. “हं. पण मग हे लिहायचं होतंस,” म्हणाले आणि सही केली. इतकं बरं वाटलं!

तेव्हा रोमध्ये अट बसत नसेल तर कॉलम तपासून एक ओळ आधीच लिहून टाका. समीकरणांचा क्रमही बघा. हीच दोन उलटी मांडली तर x = ९, y = −३.३३, मग x = २२.३३, आणि अंतर दर फेरीला ८/३ पट वाढत जातं. प्रोग्राम लिहिणार असाल तर लागोपाठच्या दोन बदलांचं गुणोत्तरही छापा. ते १ च्या खाली स्थिरावलं की पुढे किती फेऱ्या लागतील याचा अंदाज तिथेच येतो.